दहा वर्षं, सहा महिने, सतरा दिवस

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक फिटर त्याच्या ‘फुल अँड फायनल’चा कागद घेऊन माझ्याकडे आला. भोसरीतल्या एका कारखान्यातून तो ३१ जानेवारीला राजीनामा देऊन बाहेर पडला होता. माझी हयात टाइम ऑफिसमध्ये, मस्टर आणि पगारपत्रकं सांभाळण्यात गेली, त्यामुळे ओळखीची माणसं असे कागद अजून मला दाखवतात. त्याच्या कागदावर ग्रॅच्युइटीपुढे लिहिलं होतं: एकूण सेवा १० वर्षं, रक्कम १,५०,००० रुपये. त्याचं म्हणणं एवढंच होतं, “साहेब, मी १५ जुलै २०१३ ला लागलो. हे दहाच कसे?”

बोटांवर मोजा. १५ जुलै २०१३ पासून १४ जुलै २०२३ पर्यंत दहा वर्षं पूर्ण होतात. त्यापुढे १४ जानेवारी २०२४ पर्यंत सहा महिने, आणि १५ ते ३१ जानेवारी हे सतरा दिवस. म्हणजे सेवा दहा वर्षं, सहा महिने, सतरा दिवस. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सरकारी मराठीत ‘उपदाना’चा, १९७२ चा कायदा सांगत होता की सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेल्या उरलेल्या तुकड्यासाठी पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. त्याचा उरलेला तुकडा सहा महिन्यांहून सतरा दिवसांनी मोठा होता. त्यामुळे हिशेबात वर्षं दहा नव्हे, अकरा धरायला हवी होती.

त्याचा शेवटचा पगार मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये होता. ग्रॅच्युइटीसाठी तेव्हा एवढंच धरत; घरभाडं, ओव्हरटाइम, बोनस यांचा त्यात समावेश होत नसे. महिन्याच्या या पगाराला २६ ने भागायचं आणि १५ ने गुणायचं. तिसाने न भागता सव्विसाने का, असं मला खूप जणांनी विचारलं आहे. महिन्यातले चार रविवार सोडले तर कामाचे दिवस सव्वीस उरतात, म्हणून. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने सव्विसाच्या बाजूने कौल दिला आणि १९८७ च्या दुरुस्तीने हे सूत्र थेट कायद्यातच आलं. २६,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार. दहा वर्षांचे दीड लाख, अकरा वर्षांचे १,६५,०००. त्याचे पंधरा हजार कुठेतरी गळले होते.

ते कुठे गळले याकडे नंतर येतो. आधी ही सहा महिन्यांची भर नेमकी कशी चालते ते नीट पाहू, कारण निम्मे गोंधळ इथेच होतात.

कायद्याचा शब्द ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त’ असा आहे. बरोबर सहा महिने झाले तर भर पडत नाही. हाच फिटर १४ जानेवारीला शेवटचा दिवस भरून गेला असता, तर त्याचे बरोबर दहा वर्षं सहा महिने भरले असते आणि हिशेब दहा वर्षांवरच थांबला असता. १५ जानेवारीला आणखी एक पाळी केली असती तर अकरा. एका पाळीचे पंधरा हजार. राजीनाम्याची तारीख ठरवताना हे माहीत असणं म्हणजे हातचा पैसा आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे इथे तारीख नोकरी संपल्याची धरतात. नोटिशीचा पगार हातात देऊन कंपनीने आजच मोकळं केलं, तर नोटिशीचे ते न भरलेले दिवस सेवेत मोजले जातील असं गृहीत धरू नये. रिलीव्हिंग लेटरवर कोणती तारीख आहे ते पाहावं.

दुसरी चूक पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची. लागला तो दिवस आणि सोडला तो दिवस, दोन्ही सेवेचेच आहेत. १० जून २०१९ ला लागलेल्या माणसाची पाच वर्षं ९ जून २०२४ ला दिवस संपताना पूर्ण होतात, १० जूनला नव्हे. हल्ली हा हिशेब एक्सेलमध्ये होतो आणि तिथली दोन तारखांमधलं अंतर काढणारी क्रिया शेवटचा दिवस धरत नाही. त्यामुळे ९ जूनला गेलेल्या माणसाची चारच वर्षं दिसतात आणि त्याला ‘अपात्र’ म्हणून कळवलं जातं. उपाय साधा आहे, शेवटच्या तारखेत एक मिळवायचा. A2 मध्ये लागल्याची तारीख आणि B2 मध्ये सेवेचा शेवटचा दिवस असेल तर:

```
C2: =DATEDIF(A2,B2+1,"y")
D2: =IF(B2+1>EDATE(A2,12*C2+6),C2+1,C2)
```

C2 मध्ये पूर्ण वर्षं मिळतात आणि D2 मध्ये रकमेच्या हिशेबाची वर्षं. दुसऱ्या ओळीतली खूण ‘पेक्षा मोठं’ अशीच राहायला हवी. तिथे ‘मोठं किंवा बरोबर’ लिहिलं तर बरोबर सहा महिन्यांवर गेलेल्या माणसालाही एक वर्ष जास्त धरलं जाईल. कंपनीला स्वखुशीने तसं द्यायचं असेल तर कायदा अडवत नाही, कराराने किंवा निवाड्याने जास्त चांगल्या अटी देता येतात. पण मग ते ठरवून व्हावं, चुकून नव्हे.

आता सगळ्यात पसरलेल्या गैरसमजाकडे. “चार वर्षं सात महिने झाले, म्हणजे पाच धरतात, म्हणजे ग्रॅच्युइटी लागू.” हे वाक्य मी कँटीनमध्ये शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि ते चूक आहे. कायद्यात मोजणी दोनदा होते. पहिल्यांदा माणूस पात्र आहे की नाही हे पाहायला, आणि पात्र ठरला तर दुसऱ्यांदा रक्कम काढायला. पात्रतेसाठी किमान पाच वर्षं सलग सेवा हवी, आणि तिथे सहा महिन्यांची भर लिहिलेलीच नाही. ती फक्त रकमेच्या कलमात आहे. चार वर्षं सात महिन्यांची पाच वर्षं करून दारातून आत शिरता येत नाही. आत शिरल्यावर मात्र ती पाच धरली जातात.

मग चार वर्षं आणि काही महिन्यांवर ग्रॅच्युइटी मिळालेली माणसं आपण पाहतो, ती कशी? त्यांची वाट वेगळी आहे. ‘पूर्ण वर्ष’ म्हणजे एक वर्षाची सलग सेवा, असं कायदा सांगतो. आणि सलग सेवेच्या व्याख्येत एक तरतूद आहे: बारा महिन्यांत माणसाने प्रत्यक्ष २४० दिवस काम केलं असेल तर त्याने वर्षभर सलग सेवा केली असं मानायचं. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत, आणि खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांसाठी, हाच आकडा १९० आहे. औद्योगिक विवाद कायद्यातही अशीच रचना होती. तिचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली म्हटलं की २४० दिवस भरले असतील तर माणूस बारा महिने नोकरीत असलाच पाहिजे असं नाही. त्याच धाग्यावर मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मेट्टूर बियर्डसेल या कंपनीच्या प्रकरणात ठरवलं की चार वर्षं पूर्ण झाली असतील आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील, तर पाचवं वर्षही पूर्ण धरावं.

हा निकाल महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. त्याला वजन आहे, पण कंपनी तो नाकारू शकते आणि मग माणसाला भांडावं लागतं. त्यामुळे ज्याला थांबणं शक्य आहे त्याला मी नेहमी सांगत आलो, पाच वर्षं भरूनच जा. थांबणं शक्य नसेल तर निदान दिवस मोजून जा, महिने नव्हे.

ते कसे मोजायचे हे एका उदाहरणाने पाहू. एक कामगार ३ जून २०१९ ला लागला, चार वर्षं २ जून २०२३ ला झाली. सात महिने पुढे जाऊन तो २ जानेवारी २०२४ ला सोडतो. पाचव्या वर्षाचे कॅलेंडरप्रमाणे दिवस होतात २१४. सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यात २४० हवेत, म्हणजे तो कमी पडला. हाच माणूस पाच दिवस चालणाऱ्या ऑफिसात असता तर १९० पुरले असते. तारखा त्याच, सात महिने तेच, निकाल उलटा. कारखान्यातला कामगार २० फेब्रुवारीपर्यंत टिकला तर दिवस २६३ होतात. त्यातले समजा वीस दिवस बिनपगारी गैरहजेरीत गेले, तरी २४३ उरतात आणि दावा उभा राहतो. त्याचा मूळ पगार व महागाई भत्ता २०,८०० रुपये असेल तर दिवसाचे ८००, पंधरा दिवसांचे १२,०००. आता तो पात्र धरला गेला, म्हणून रकमेच्या मोजणीत चार वर्षं आठ महिने अठरा दिवसांची पाच वर्षं होतात आणि हाती ६०,००० येतात.

या २६३ मध्ये रविवार धरायचे का? ‘प्रत्यक्ष काम’ म्हटल्यावर टाइम ऑफिसातला नवा मुलगा रविवार वजा करून मोकळा होतो. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या साप्ताहिक सुट्यांचा आणि सणांच्या सुट्यांचा पगार मिळतो, ते दिवस प्रत्यक्ष कामाचेच धरायचे. तो निकाल औद्योगिक विवाद कायद्यावरचा आहे, पण ग्रॅच्युइटीच्या वादात तो आधार म्हणून पुढे करतात, कारण शब्द तेच आहेत. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने स्वतःही काही दिवस कामाचे म्हणून नावानिशी दिले आहेत: ले-ऑफचे दिवस, आधीच्या वर्षी कमावलेली भरपगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी बसावं लागलेले दिवस आणि २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा. बाळंतपणाची रजा वजा करून एखाद्या बाईचे २४० दिवस कमी दाखवणं हे सरळ बेकायदा आहे, आणि मी ते कागदावर झालेलं पाहिलं आहे.

या २४० दिवसांच्या मागे सोलापूरची एक गोष्ट आहे. लक्ष्मी विष्णू मिल ही तिथली मोठी कापड गिरणी. तिच्या कामगारांचा ग्रॅच्युइटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ फेब्रुवारी १९८१ ला निकाल लागला. गिरण्यांमध्ये कायम कामगारांशिवाय बदली कामगार असत. रोज गेटवर यायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी साच्यावर उभं राहायचं, नाहीतर घरी परत जायचं. काहींची बदलीत वर्षांमागून वर्षं गेली. न्यायालयाने तेव्हाच्या कायद्याचे शब्द पाहिले आणि प्रत्यक्ष काम केलेले दिवस हाच निकष धरला. बदलीची ती वर्षं तर धरली गेली नाहीतच, पण कायम कामगारांनाही फटका बसला. ज्या वर्षी खाडे करून त्यांचे दिवस २४० च्या खाली गेले, ते वर्ष हिशेबातून वगळलं गेलं. वीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाच्या मस्टरमधून अशी आजारपणाची, शेतीची, घरच्या अडचणीची वर्षं काढली तर काय उरेल, याचा अंदाज करा.

संसदेने १९८४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि दुरुस्ती मागच्या तारखेपासून, म्हणजे त्या निकालाच्याच दिवसापासून, ११ फेब्रुवारी १९८१ पासून लागू केली. आता नोकरीत असलेल्या माणसाची सेवा आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, संप, टाळेबंदी यांनी तुटत नाही. त्याची चूक नसताना काम बंद पडलं तरी तुटत नाही. न सांगता केलेल्या खाड्यानेसुद्धा ती आपोआप तुटत नाही. ती गैरहजेरी ‘सेवेतला खंड’ धरायची असेल, तर स्थायी आदेशांप्रमाणे किंवा नोकरीच्या नियमांप्रमाणे तसा हुकूम काढलेला असला पाहिजे. म्हणून एखाद्याच्या कागदावर “अमुक वर्षी गैरहजेरी जास्त, वर्ष धरलं नाही” असं दिसलं, की पहिला प्रश्न विचारायचा: हुकूम कुठे आहे? मस्टरमधल्या गैरहजेरीच्या खुणा म्हणजे हुकूम नव्हे. २४० दिवसांचा आकडा मुख्यतः अशांच्या कामी येतो ज्यांची सेवा या अर्थाने सलग नाही. त्यांच्यासाठी ती एक सवलत आहे. सलग नोकरी केलेल्या माणसाला दरवर्षी २४० दिवस सिद्ध करायला लावणं म्हणजे सवलतीची अट करणं.

‘ब्रेक’ देण्याची पद्धत याच आकड्यातून आली. सात महिने ठेवायचं, आठ-दहा दिवस घरी बसवायचं, नव्या तारखेचं पत्र द्यायचं. काम तेच, मशिन तेच, टोकन नंबर तेवढा नवा. अशा माणसाने सगळी पत्रं जपून ठेवावीत. काम बंद राहिलं त्यात त्याचा दोष नव्हता एवढं दाखवता आलं, तर ते दिवस सेवा तोडत नाहीत.

ज्याची नोकरी मृत्यूने किंवा अपंगत्वाने संपली, त्याला पाच वर्षांची अटच नाही. तिथे फक्त दुसरी मोजणी होते. दोन वर्षं सात महिन्यांच्या सेवेनंतर कामगार वारला, तर त्याच्या घरच्यांना तीन वर्षांची ग्रॅच्युइटी मिळते. १८,२०० रुपये पगारावर ती ३१,५०० होते. “पाच वर्षं झाली नव्हती” असं सांगून विधवेला परत पाठवल्याचं मला ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून ग्रॅच्युइटीचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कायम नोकरदारांसाठी पाच वर्षं आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त तुकड्याची भर हे तसंच राहिलं. मोठा बदल ठरावीक मुदतीच्या नोकरीत आहे: मुदत संपल्यावर पाच वर्षांची अट न लावता सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यायची आहे. पगाराची व्याख्याही बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग पगारात मिळवायचा, म्हणजे मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून ग्रॅच्युइटी कमी करणं अवघड झालं.

आता त्या फिटरकडे. त्याच्या कागदावर ‘सेवेत रुजू’ या रकान्यात तारीख होती १५ जानेवारी २०१४. ती त्याला परमनंट केल्याची तारीख. पहिले सहा महिने तो प्रोबेशनवर होता आणि हिशेब करणाऱ्याने कन्फर्मेशन लेटरपासून मोजायला सुरुवात केली होती. १५ जानेवारी २०१४ ते ३१ जानेवारी २०२४ म्हणजे दहा वर्षं सतरा दिवस, आणि सतरा दिवसांना भर नाही. गणित बरोबर, सुरुवात चुकीची.

प्रोबेशनचे महिने ग्रॅच्युइटीत पूर्ण धरले जातात. प्रोबेशनवरचा माणूस कर्मचारीच असतो, त्याला पगार मिळतो, त्याचा पीएफ कापला जातो. कायद्याने वगळला आहे तो शिकाऊ उमेदवार, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस. त्यामुळे आधी अ‍ॅप्रेंटिस आणि मग प्रोबेशन असा प्रवास झालेल्यांनी दोन्ही पत्रं वेगळी काढून पाहावीत. मोजणी दुसऱ्या पत्राच्या तारखेपासून सुरू होते. उलट दिशेने मात्र सहा महिन्यांची भर प्रोबेशनला लागू नाही. सहा महिन्यांच्या प्रोबेशनचे चार महिने झाले म्हणून ते ‘जवळपास पूर्ण’ होत नाही. ते पत्रात आणि स्थायी आदेशांत लिहिलेल्या मुदतीनेच संपतं.

मी त्याला पीएफचं पासबुक काढायला सांगितलं. पहिली वर्गणी जुलै २०१३ ची होती, अर्ध्या महिन्याच्या पगारावर कापलेली. नेमणुकीचं पत्रही त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं सापडलं. या दोन कागदांच्या प्रती जोडून त्याने कंपनीला अर्ज दिला. त्यात चार ओळी होत्या: रुजू तारीख, शेवटची तारीख, होणारी सेवा, फरकाची रक्कम. कंपनीला ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासह, आणि दिले नाहीत तर तेव्हाच्या कायद्याने नेमलेल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जाता येत होतं. त्याला तिथवर जावं लागलं नाही. टाइम ऑफिसातल्या माणसाने जुनं मस्टर काढलं. जुलै २०१३ च्या पानावर, चौदा रकाने रिकामे सोडून, पंधराव्यापासून त्याची हजेरी लागलेली होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा हजारांचा वेगळा चेक निघाला.